राज्याचे कर्ज आणि बहुमताचे कलम : प्रस्तावना

इसवी सन १८७५ च्या उन्हाळ्यात पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतले कुणबी सावकारांच्या दारांवर चालून गेले आणि त्यांनी खतपत्रे व वह्या जाळल्या. त्यानंतर चार वर्षांनी, १८७९ साली, दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणासाठी सरकारने जो कायदा केला, त्याने दिवाणी न्यायाधीशाला खताच्या अक्षरांमागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा, हिशेब नव्याने मांडण्याचा आणि देणे हप्त्यांनी बांधून देण्याचा अधिकार दिला. त्या कायद्याचे गुणदोष काहीही असोत, त्याच्या मुळाशी असलेली एक गोष्ट आपण सहसा बोलून दाखवीत नाही, कारण ती आपल्याला हवापाण्याइतकी स्वाभाविक वाटते : ऋणको आणि धनको या दोघांच्याही वर एक सत्ता असते, आणि देणे फिटणारच नाही असे दिसले म्हणजे ती सत्ता सर्व धनकोंना एका जागी बसवून, कोणाच्या पदरी किती पडावे हे ठरवून, मोकळी होते. परंतु ऋणको हाच राजा असेल तर काय करावे? पेरूने, अर्जेंटिनाने, ग्रीसने किंवा श्रीलंकेने परक्या बाजारात रोखे विकून पैसा उभा केला, आणि तो परत करण्याचे सामर्थ्य उरले नाही, तर त्या राज्याची नादारी जाहीर करणारे, त्याच्या मिळकतीवर रिसीव्हर बसवणारे आणि शेवटी त्याला ऋणमुक्त करणारे न्यायालय या भूतलावर अस्तित्वात नाही. प्रस्तुत ग्रंथाचा सारा विषय या एका उणिवेतून निघालेला आहे.

न्यायालय नसताना राज्ये आपल्या कर्जाची पुनर्रचना कशी करतात, हे आधी पाहिले पाहिजे. कर्ज थकले, अथवा थकणार असे दिसू लागले, म्हणजे सरकार आपल्या रोखेधारकांपुढे अदलाबदलीचा प्रस्ताव ठेवते : जुना रोखा द्या आणि त्याऐवजी कमी मुद्दलाचा, कमी व्याजाचा किंवा लांब मुदतीचा नवा रोखा घ्या. हा प्रस्ताव स्वीकारण्याची सक्ती कोणावर नसते. आणि नेमकी तेथेच मेख आहे. समजा, एका राज्याचे देणे शंभर कोटींचे आहे आणि साठ कोटींहून अधिक फेडण्याची त्याची ऐपत नाही. सर्वांनी शेकडा चाळीस सोडले तर सर्वांचे साठ टक्के वसूल होतील, हे प्रत्येक धनकोला कळते. परंतु आपल्याखेरीज बाकीच्यांनी सोडले आणि आपण मात्र जुना रोखा उराशी धरून बसलो, तर इतरांच्या त्यागाने सावरलेल्या त्या राज्याकडून आपले शंभर टक्के वसूल होऊ शकतील, हेही त्याला तितकेच स्पष्ट कळते. हा हिशेब एकाने मांडला तर तडजोड निभावते, सर्वांनी मांडला तर ती मोडते. म्हणून अडून बसलेल्या धनकोविषयी बोलताना त्याच्या लोभाला दूषणे देऊन भागत नाही. त्याला तसे अडून बसू देणारा दस्तऐवज कोणी लिहिला आणि का लिहिला, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

अडून बसणे हा स्वतंत्र धंदा होऊ शकतो, हे प्रथम लख्ख दिसले ते पेरूच्या प्रकरणात. १९९६ साली, पेरूच्या जुन्या बँक-कर्जांची तडजोड ठरत असतानाच, न्यू यॉर्कच्या एलियट असोसिएट्स या फंडाने त्यांपैकी २ कोटी ७ लाख डॉलर दर्शनी किमतीची कर्जे १ कोटी १४ लाख डॉलरना बाजारातून विकत घेतली आणि तडजोडीत सामील होण्याचे नाकारून दावा लावला. दावा लावण्याच्याच हेतूने परक्याचे देणे विकत घेणे न्यू यॉर्कच्या कायद्याला मान्य नव्हते, आणि पेरूच्या वकिलांनी तो मुद्दा मांडलाही. परंतु अपील न्यायालयाने असा अर्थ लावला की, खरेदीदाराचा मूळ हेतू पैसे वसूल करण्याचा असून दावा हे केवळ त्याचे साधन असेल, तर ती बंदी लागू होत नाही. हुकूमनामा मिळाला. तो बजावायचा कोठे, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर ब्रुसेल्समध्ये सापडले. तडजोड केलेल्या धनकोंना पेरूकडून जे व्याज जायचे, ते युरोक्लियर या ब्रुसेल्सस्थित संस्थेमार्फत जात असे. सप्टेंबर २००० मध्ये तेथील अपील न्यायालयाने, पेरूची बाजू ऐकण्यापूर्वीच, ते व्याज पोहोचवण्यास मनाई केली. व्याज थकले असते तर सारी तडजोडच कोसळली असती. तेव्हा पेरूने थोड्याच दिवसांत सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. राज्याची मालमत्ता जप्त करता येत नसली, तरी ते इतरांना देत असलेला पैसा वाटेत अडवता येतो, हा धडा या व्यवसायातल्या मंडळींनी पेरूपासून घेतला आणि पुढे अर्जेंटिनावर गिरवला.

अर्जेंटिनाची कथा या ग्रंथात वारंवार येणार आहे, म्हणून ती येथे जरा निवांतपणे सांगतो. १९९४ साली त्या सरकारने न्यू यॉर्कच्या कायद्याखाली रोखे विकण्याचा एक मूळ करार केला. त्यात दोन कलमे होती, आणि सही करताना कोणाचेही लक्ष त्यांच्याकडे विशेष गेले असेल असे वाटत नाही, कारण तशी कलमे प्रत्येक करारात एखाद्या मंगलाचरणासारखी छापली जात. पहिले असे की, मुद्दल, व्याज किंवा मुदत यांत बदल करावयाचा असेल तर त्या त्या रोखेधारकाची स्वतःची संमती लागेल. म्हणजे नव्याण्णवांनी मान डोलावली तरी शंभरावा बांधला जात नाही. दुसरे, ज्याला पारी पासू असे म्हणतात ते, असे की हे रोखे आपापसांत समान दर्जाचे राहतील आणि सरकारची त्यांवरील देणी त्याच्या इतर विनातारण परकीय कर्जाच्या किमान बरोबरीच्या दर्जाची असतील. २००१ च्या डिसेंबरात, बँकांतून पैसे काढण्यावर निर्बंध आले, रस्त्यांवर दंगली झाल्या, राष्ट्राध्यक्ष गेले; आणि काही दिवसांपुरते त्या पदावर बसलेल्या आदोल्फो रॉद्रिगेझ सा यांनी संसदेसमोर कर्जफेड तहकूब झाल्याचे जाहीर केले. ऐंशी अब्ज डॉलरांहून अधिक मुद्दल, आणि तेही १५२ निरनिराळ्या प्रकारच्या रोख्यांत, अनेक चलनांत व अनेक देशांच्या कायद्यांखाली विखुरलेले!

२००५ मध्ये सरकारने अदलाबदलीचा प्रस्ताव मांडला तो फार कठोर होता; नव्या रोख्यांची किंमत जुन्या डॉलरमागे तीस सेंटांच्या आसपास भरत होती. तरीही शेकडा ७६ धनकोंनी तो स्वीकारला, आणि २०१० मध्ये प्रस्ताव पुन्हा खुला केल्यावर हे प्रमाण ९० च्या पुढे गेले. या लोकांनी होकार का दिला, याचे एक कारण असे की फेब्रुवारी २००५ मध्ये अर्जेंटिनाच्या संसदेने एक कायदा करून दरवाजाला कुलूपच लावले : जे आता येणार नाहीत त्यांच्याशी पुढे तडजोड करण्यास सरकारलाच बंदी. भिडस्त धनकोंना धाक घालण्यासाठी केलेला हा कायदा त्या घटकेला मोठा चतुर वाटला असेल. पुढे न्यायालयात तोच सरकारच्या अंगावर उलटला. उरलेल्यांत पॉल सिंगर यांच्या एलियटची उपकंपनी एनएमएल कॅपिटल ही अग्रणी होती. तिने बरेच रोखे मातीमोल भावाने घेतलेले होते.

एनएमएलला हुकूमनामे मिळण्यास अडचण पडली नाही. रोखे विकणे हा राज्यकारभार नसून व्यापार आहे, आणि म्हणून त्यासंबंधी परकीय राज्यावर अमेरिकेत दावा चालू शकतो, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये अर्जेंटिनाच्याच एका खटल्यात ठरवून ठेवले होते. परंतु दावा चालणे वेगळे आणि जप्ती होणे वेगळे. वकिलाती, लष्करी सामग्री, मध्यवर्ती बँकेचा निधी, सर्वांना कायद्याचे कवच. आणि जे कवचाबाहेर होते ते सरकारने परदेशात फिरकूच दिले नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये घानातील तेमा बंदरात अर्जेंटिनाच्या नौदलाचे 'लिबेर्ताद' हे शिडांचे प्रशिक्षण-जहाज सदिच्छाभेटीवर आले असता एनएमएलच्या अर्जावरून तेथील न्यायालयाने ते अडकवून ठेवले. खलाशांना विमानाने परत न्यावे लागले, आणि अखेर हॅम्बुर्गच्या सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने, लष्करी जहाजाला संरक्षण आहे असे धरून, १५ डिसेंबरला ते बिनशर्त सोडण्याचा आदेश दिला. वर्तमानपत्रांनी हे प्रकरण मोठ्या चवीने छापले. वस्तुतः त्याचे महत्त्व फारसे नाही; खरी कोंडी त्याच सुमारास मॅनहॅटनमधील एका जिल्हा न्यायालयात होत होती.

न्यायमूर्ती थॉमस ग्रिसा यांच्यापुढे एनएमएलने जप्ती मागितली नाही. तिने पारी पासूचे ते दुर्लक्षित वाक्य पुढे केले. तिचे म्हणणे असे : समान दर्जा म्हणजे केवळ कायद्याच्या पुस्तकातील समान क्रम नव्हे, नव्या रोखेधारकांना हप्ता द्यायचा आणि आम्हांला काहीच द्यायचे नाही, इतकेच नव्हे तर आम्हांला देण्याची बंदी करणारा कायदाही करायचा, हा आमच्या दर्जाचा भंग आहे. डिसेंबर २०११ मध्ये ग्रिसा यांनी हे मान्य केले आणि २०१२ मध्ये जो मनाई हुकूम काढला, त्याने जगभरच्या वित्तमंत्रालयांची झोप उडवली. हुकूम असा होता की, अर्जेंटिनाने नव्या रोखेधारकांना त्यांच्या देय रकमेचा जेवढा भाग दिला, तेवढाच भाग एनएमएल आदी वादींनाही त्यांच्या देय रकमेचा द्यावा. वरवर पाहता हे समन्यायी दिसते, परंतु 'देय रक्कम' या दोन शब्दांच्या पोटात केवढी विषमता दडली आहे, ते पाहा. नव्या रोखेधारकाची त्या तारखेला देय असलेली रक्कम म्हणजे सहामाही व्याजाचा एक हप्ता. तो पूर्ण दिला की शंभर टक्के झाले. जुन्या रोखेधारकाने मात्र कराराप्रमाणे सारे मुद्दल तत्काळ देय झाल्याचे जाहीर केलेले असल्याने, त्याची देय रक्कम म्हणजे संपूर्ण मुद्दल अधिक दशकभराचे साचलेले व्याज. एकाचा हप्ता पूर्ण, म्हणून दुसऱ्याचे सारे खातेच पूर्ण! वादींचा आकडा होता सुमारे १ अब्ज ३३ कोटी डॉलर, आणि त्यांच्या मागे रांगेत उभे असलेले इतर धनको वेगळेच.

हा हुकूम कोणाकडून पाळून घ्यायचा, याचीही योजना त्यातच होती, आणि तीत पेरूच्या धड्याची छाया स्पष्ट दिसते. परकीय सरकारला तुरुंगात टाकता येत नाही. पण त्याचा पैसा वाटून देणारी विश्वस्त बँक, रोख्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्था, ही सारी मंडळी न्यायालयाच्या हाताच्या अंतरात होती, आणि हुकमाचा भंग होण्यास मदत करू नये असे त्यांना बजावण्यात आले. अपील न्यायालयाने हुकूम कायम केला. १६ जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. त्यानंतर दहा दिवसांनी अर्जेंटिनाने नव्या रोखेधारकांसाठी ५३ कोटी ९० लाख डॉलर बँक ऑफ न्यू यॉर्क मेलनच्या खात्यात भरले. पैसे भरले, पण बँकेने ते वाटले नाहीत. आणि सवलतीचे तीस दिवस संपताच ३० जुलैला तो देश, खिशात पैसा असताना आणि देण्याची इच्छा असताना, थकबाकीदार ठरला. ऋणकोने देऊ केलेले धनकोंना घेता आले नाही, असा प्रसंग कर्जाच्या इतिहासात क्वचितच घडला असेल.

ग्रिसा यांचा अर्थ चुकीचा होता, असे या विषयातील बहुतेक जाणकारांचे मत आहे, आणि माझेही आहे. दर्जा आणि प्रत्यक्ष फेड या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांची सरमिसळ केली तर नाणेनिधीला आधी फेडण्याची सर्व देशांची रूढ पद्धतही बेकायदा ठरावी. परंतु न्यायाधीशाच्या बाजूने इतके म्हटलेच पाहिजे की, हुकूमनामे झुगारणारा आणि कुलूपकायदा करून तो मिरवणारा पक्षकार समोर उभा असताना, हाती आलेले एकमेव हत्यार त्यांनी उचलले. अपील न्यायालयानेही अर्जेंटिनाच्या या असाधारण वर्तनावर बोट ठेवूनच निकाल दिला आहे. त्यातच आणखी एक कलम सरकारच्या पायात अडकले होते : अडून बसलेल्यांना स्वेच्छेने अधिक चांगली बोली दिली, तर तीच सर्वांना द्यावी लागेल, असे वचन २००५ च्या नव्या रोख्यांत होते आणि त्याची मुदत ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत होती. ती संपली, सरकारही बदलले. आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मॉरिसिओ माक्री यांच्या सरकारने चार प्रमुख फंडांना ४ अब्ज ६५ कोटी डॉलर, म्हणजे त्यांच्या एकूण मागणीच्या सुमारे तीन चतुर्थांश, देण्याचे कबूल केले. एप्रिलमध्ये साडेसोळा अब्जांचे नवे रोखे विकून ती देणी भागवण्यात आली. मातीमोल भावाने घेतलेल्या कागदाचे कित्येक पट झाले.

आता त्या पहिल्या कलमाकडे, एकेकाच्या संमतीच्या अटीकडे, वळू. कारण ते नसते तर दुसऱ्याची पाळीच आली नसती. वर सांगितलेल्या दक्षिणेच्या कायद्याच्याच वर्षी, म्हणजे १८७९ मध्ये, लंडनचे वकील फ्रान्सिस ब्यूफोर्ट पामर यांनी कंपन्यांच्या कर्जरोख्यांत एक नवी तरतूद घातली : रोखेधारकांच्या सभेत ठरावीक बहुमताने झालेला ठराव सर्वांवर बंधनकारक राहील. ही इंग्रजी रीत पुढे लंडनमध्ये विकल्या जाणाऱ्या सरकारी रोख्यांतही रुळली. न्यू यॉर्कची रीत उलट. तेथे १९३९ च्या कायद्याने कंपन्यांच्या रोख्यांत प्रत्येक धारकाचा वसुलीचा हक्क त्याच्या संमतीवाचून काढून घेता येणार नाही असे ठरवले, कारण आतल्या गोटातल्या बड्या धारकांनी बहुमत जमवून लहानांना लुबाडू नये ही चिंता होती. हा कायदा परकीय सरकारांना लागू नव्हता. तरीही वकिलांनी सवयीने तीच भाषा त्यांच्या करारांत उतरवली. आणि ज्या ऋणकोसाठी दिवाळखोरीचे न्यायालय उपलब्ध होते त्याच्यासाठी केलेली तजवीज, ज्याला तसे न्यायालयच नाही त्याच्या गळ्यात पडली.

नोव्हेंबर २००१ मध्ये नाणेनिधीच्या उपप्रमुख अ‍ॅन क्रुगर यांनी राज्यांसाठी एक प्रकारची नादारीची व्यवस्थाच आंतरराष्ट्रीय कराराने निर्माण करावी असे सुचवले. बाजाराला ते रुचले नाही, आणि अमेरिकेच्या वित्तखात्याने त्याऐवजी करारातच बहुमताचे कलम घालण्याचा आग्रह धरला. २००३ च्या आरंभी मेक्सिकोने शेकडा ७५ च्या बहुमताचे कलम घालून न्यू यॉर्कमध्ये रोखे विकले. त्यामुळे भाव पडेल ही भीती खोटी ठरली, इतरांनी अनुकरण केले, आणि क्रुगरबाईंची योजना त्याच वर्षीच्या एप्रिलात बाजूला पडली. न्यायालय बांधण्याऐवजी न्यायालयाचे एक काम, अल्पमताला बांधण्याचे काम, कागदावरच्या एका परिच्छेदाकडे सोपवण्यात आले. ज्याला सामूहिक कृतीचे कलम म्हणतात ते हेच.

या पहिल्या पिढीच्या कलमात एक मोठे भगदाड होते, आणि ते २०१२ मध्ये ग्रीसने दाखवून दिले. बहुमत मोजायचे ते प्रत्येक मालिकेपुरते स्वतंत्र. आणि राज्याच्या डझनावारी मालिकांपैकी एखादी लहानशी मालिका निवडून तिचा चौथा हिस्सा आणि वर थोडे विकत घेतले, की ती मालिका कोणालाही रोखून धरता येते. ग्रीसचे सुमारे १७७ अब्ज युरोंचे रोखे खुद्द ग्रीक कायद्याखाली होते; त्यांच्याबाबतीत तेथील संसदेने फेब्रुवारीत कायदा करून सर्व मालिकांचे मत एकत्र मोजण्याची सोय मागाहून घातली आणि प्रश्न निकालात काढला. आपल्या कायद्याखाली काढलेले कर्ज कायदा बदलून हलके करता येते, हा राजाचा जुनाच अधिकार. पण परकीय कायद्याखालच्या ३६ मालिकांत मालिकावार मतदान झाले आणि सुमारे निम्म्या ठिकाणी अडून बसलेल्यांनी बाजी मारली. १५ मे २०१२ रोजी अशा एका रोख्याची मुदत भरली, तेव्हा दर्शनी किमतीच्या निम्म्याहून अधिक सोडून दिलेल्या इतर धनकोंच्या डोळ्यांदेखत, ग्रीसने ४३ कोटी ५० लाख युरो पैन् पै चुकते केले.

ग्रीस आणि ग्रिसा या दोन्ही धक्क्यांनंतर, ऑगस्ट २०१४ मध्ये, आंतरराष्ट्रीय भांडवल बाजार संघटनेने कलमाचा नवा नमुना प्रसिद्ध केला. त्यात ऋणकोला तीन वाटा ठेवलेल्या आहेत. पहिली जुनीच, मालिकेपुरत्या ७५ टक्क्यांची. दुसरीत सर्व मालिकांचे मिळून दोन तृतीयांश मत लागते आणि शिवाय प्रत्येक मालिकेत निम्म्याहून अधिक. तिसरी वाट खरी नवी : सर्व मालिकांचे मुद्दल एकत्र धरून त्याच्या ७५ टक्क्यांनी होकार दिला, की सारे बांधले गेले, मालिकावार मोजणीच नाही. लहान मालिका काबीज करण्याचा धंदा या वाटेवर बसतो, कारण आता अडवायचे तर साऱ्या कर्जाचा चौथा हिस्सा विकत घ्यावा लागेल, आणि तो काही कोटींत मिळत नाही. एवढी मोठी शक्ती बहुमताच्या हाती देताना तिला दोन लगाम लावलेले आहेत : प्रस्ताव सर्वांना एकसारखाच असला पाहिजे, आणि ऋणकोच्या स्वतःच्या कह्यातील रोख्यांना मत नाही. पारी पासूचे वाक्यही सुधारून, हा दर्जा म्हणजे प्रमाणशीर फेडीचे वचन नव्हे, असे त्यात स्पष्ट लिहिले गेले. त्याच वर्षी कझाकस्तान आणि मेक्सिको यांनी हा नमुना उचलला.

येथे कथा संपली असे वाटणाऱ्यांची २०२० मध्ये निराशा झाली, आणि निराशा करणारा देश पुन्हा अर्जेंटिनाच. सुमारे ६५ अब्ज डॉलरांच्या परकीय रोख्यांची पुनर्रचना त्याने त्या एप्रिलात मांडली. या खेपेस सर्व रोख्यांत बहुमताची कलमे होती, जुन्यांत कडक आणि २०१६ नंतरच्यांत सैल. सरकारच्या वकिलांनी कलमाचे शब्द बारकाईने वाचले आणि त्यांतून दोन युक्त्या काढल्या. मते पडल्यानंतर, कोणत्या मालिका एकत्र मोजायच्या हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी राखून ठेवला, म्हणजे जेथे नकार आला त्या मालिका गटातून वगळून उरलेल्यांचे बहुमत जाहीर करता यावे. आणि वगळलेल्यांचे पुढे काय? त्यांच्यापुढे नंतर दुसरा प्रस्ताव ठेवायचा, त्या वेळी आधीच बांधले गेलेले धारक मतदानात मिसळायचे, आणि त्यांच्या गर्दीत या उरलेल्यांना बुडवायचे. व्हिडिओ खेळातल्या गोळ्या गिळत जाणाऱ्या तोंडावरून धनकोंनी या युक्तीला पॅकमन असे नाव दिले. शब्दशः पाहता यात कराराचा भंग नव्हता. पण अल्पमताच्या जुलमावर उपाय म्हणून घडवलेले साधन ऋणकोच्या हाती बहुमत बनवण्याचे यंत्र होऊ शकते, हे मात्र उघड झाले. बडे धनको खवळले; आणि ऑगस्टमधील तडजोडीत जितकी घासाघीस पैशावर झाली तितकीच या कलमांच्या शब्दयोजनेवर झाली. नव्या रोख्यांत दोन्ही युक्त्यांना लगाम घालण्यात आला. शेवटी ९३.५५ टक्के मुद्दलाच्या धारकांनी होकार दिला आणि कलमाच्या बळावर ९९.०१ टक्के कर्ज बदलले गेले. २००५ मध्ये हाती घेतलेले जे काम अकरा वर्षांच्या खटल्यांनीही पुरे झाले नव्हते, ते या वेळी पाच महिन्यांत आटोपले, ही गोष्ट कलमाच्या टीकाकारांनीही जमेस धरावी.

कलमाच्या मर्यादा तितक्याच ठळक आहेत. ते रोख्यांपुरते चालते. बँकांची साधी कर्जे, एका सरकारने दुसऱ्याला दिलेली कर्जे, तारणावर उचललेला पैसा, हे सारे त्याच्या कक्षेबाहेर राहते, आणि आजच्या गरीब देशांच्या डोक्यावर नेमका हाच बोजा मोठा आहे. शिवाय कलम पूर्वलक्षी नाही. जुन्या शब्दांत विकलेला रोखा मुदत भरेपर्यंत जुन्याच शब्दांनी बांधलेला असतो. आपल्या शेजारच्या श्रीलंकेचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. एप्रिल २०२२ मध्ये त्या सरकारने परकीय कर्जफेड थांबवली. त्याच्या रोख्यांत २०१२ साली विकलेली, जुलै २०२२ मध्ये मुदत भरणारी, १ अब्ज डॉलरांची एक मालिका होती, आणि तिचे कलम पहिल्या पिढीचे होते : केवळ त्या मालिकेपुरत्या ७५ टक्क्यांचे. कॅरिबियनमधील सेंट किट्स अँड नेविस येथल्या हॅमिल्टन रिझर्व्ह बँकेने जून २०२२ मध्ये न्यू यॉर्कमध्ये दावा लावला, तेव्हा तिच्या म्हणण्याप्रमाणे तिच्याकडे या मालिकेचे २५ कोटी १ लाख ९० हजार डॉलर होते. चतुर्थांशाहून फक्त १ लाख ९० हजार अधिक; इतके नेमके माप योगायोगाने पडत नसते.

भारत सरकारने स्वतः परदेशी बाजारात डॉलरचे रोखे विकलेले नाहीत. २०१९ च्या अर्थसंकल्पात तसा विचार बोलून दाखवला गेला, पण तो पुढे सरकला नाही. तेव्हा ऋणको या नात्याने हा विषय आपल्या अंगाला अद्याप लागलेला नाही. श्रीलंकेच्या प्रकरणात मात्र भारत धनको होता, आणि जपान व फ्रान्स यांच्याबरोबर सरकारी धनकोंच्या समितीचे सहअध्यक्षपदही त्याच्याकडे होते. अशा समितीची मुख्य मागणी अशी असते की, आम्ही जेवढे सोडले त्याच्या तोलाचे खाजगी रोखेधारकांनीही सोडावे. आणि ती मागणी पुरी होणे न होणे हे कोलंबोच्या वित्तमंत्र्यांपेक्षा त्या रोख्यांच्या कलमांवर अधिक अवलंबून असते. डिसेंबर २०२४ मध्ये श्रीलंकेच्या बहुतेक साऱ्या डॉलर-रोख्यांची अदलाबदल झाली, तेव्हाही २०१२ च्या त्या मालिकेवरचा दावा मॅनहॅटनच्या न्यायालयात उभाच होता. पुढील प्रकरणांचा आरंभ म्हणूनच अर्जेंटिनाच्या १९९४ च्या कराराच्या वाचनाने केला आहे. आणि वाचकाने प्रत्येक कलमापाशी थांबून आधी एवढेच विचारावे की, त्याखाली मत कोणाचे, ते मोजायचे कोणी, आणि कोणत्या गटात.